आईच्या पलंगाची कुरकुर: दुरुस्तीच्या नोंदी

१२ जानेवारी, रविवार

आई काल बोलता बोलता म्हणाली, "तुला झोप लागली की मी कूस बदलतच नाही गं. पलंग एवढा करकरतो की तू दचकून उठतेस." माणसाने आवाजाच्या भीतीने रात्रभर एका कुशीवर पडून राहायचं, हे मला सहन होण्यासारखं नाही. पलंग बदलायचा विषयच नाही. लाकूड घन आहे, कुठे कीड नाही, फळीला तडा नाही. जे काही बिघडलंय ते सांध्यांत बिघडलंय.

आधी पलंगाची रचना लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदींत गोंधळ होणार नाही. उशाकडे दोन पाय आणि मध्ये फळी, पायथ्याकडेही तसंच. या दोन्ही टोकांना जोडणाऱ्या दोन लांब बाजूपट्ट्या. प्रत्येक कोपऱ्यात एकावर एक असे दोन बोल्ट, म्हणजे एकूण ८. बोल्ट पायातून आरपार जाऊन बाजूपट्टीच्या टोकात शिरतो. तिथे पट्टीच्या आतल्या अंगाने एक आडवा नट बसवलेला आहे: लोखंडाचा छोटा दंडगोल, त्याच्या पोटात आरपार आटे. बोल्ट त्या आट्यांत फिरतो आणि पट्टीला पायाकडे ओढून धरतो. दोन्ही बाजूपट्ट्यांना आतून एकेक आधारपट्टी स्क्रूने मारलेली आहे आणि तिच्यावर १३ आडव्या पट्ट्या. त्यांच्यावर गादी.

आज काहीही आवळायचं नाही, फक्त ऐकायचं, असं ठरवलं होतं. पाना हातात आला की माणूस दिसेल तो बोल्ट पिळतो, आणि मग आवाज कमी झाला तर कशाने झाला ते कळत नाही. गादी काढली. गादी असताना आवाज दबतो आणि दिशाही चुकते. धाकट्या भावाला पट्ट्यांवर कडेकडेने बसायला लावलं, उठायला लावलं, कूस बदलल्यासारखं हलायला लावलं.

आवाज दोन निघाले. बसताना एक जाडसर 'कर्रर्र', आणि उठताना, भार सुटल्यावर एक बारीक 'टक्'. दोन आवाज म्हणजे बहुतेक दोन वेगळी कारणं, म्हणून दोन्ही वेगवेगळे नोंदवले.

"ताई, पायथ्याशीच आहे. उजव्या बाजूला," भाऊ ठामपणे म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. पण लांब पट्टी आवाज वाहून नेते, त्यामुळे कानावर विसंबता येत नाही. मी लांब पेचकसाची मूठ कानाशी धरली आणि टोक एकेका सांध्यावर टेकवलं. पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात आवाज येत होता खरा, पण उशाकडच्या उजव्या कोपऱ्यात टोक टेकवल्यावर मुठीत कंप जाणवला. मग तिथे बोट ठेवलं, अर्धं पायावर आणि अर्धं बाजूपट्टीवर. भाऊ बसला तेव्हा बोटाखाली पट्टी किंचित खाली सरकली आणि उठल्यावर वर आली. डोळ्याला काही दिसलं नव्हतं, बोटाला मात्र स्पष्ट कळलं.

१४ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी तासभर मिळाला. आडव्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. संशय सांध्यावर असला तरी पट्ट्या आधी बाजूला काढणं सोपं असतं, आणि त्यांचा आवाज सांध्याच्या आवाजात मिसळला तर पुढचं काही कळत नाही.

पट्टी आधारपट्टीवर नुसती टेकलेली असते. भार आला की ती मध्ये वाकते, वाकल्यामुळे तिची टोकं किंचित आत ओढली जातात आणि खालच्या लाकडावर घासतात. कोरडं लाकूड लाकडावर सरळ घसरत नाही. थोडं धरून ठेवतं, ताण वाढला की सुटतं, पुन्हा धरतं. हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की आपल्याला 'कर्रर्र' ऐकू येतं. म्हणून इलाज दोनच: घासणं पूर्ण थांबवायचं, किंवा घासणाऱ्या जागा गुळगुळीत करायच्या. पट्टीला वाकायला मोकळीक लागते, त्यामुळे इथे दुसरा इलाज.

सगळ्या १३ पट्ट्या काढल्या आणि पेन्सिलीने मागे आकडे टाकले. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना साधी पांढरी मेणबत्ती घासली, आधारपट्टीवरही घासली. मेणाचा जाड थर द्यायचा नाही. बोट फिरवल्यावर साबणासारखं लागेल इतकंच पुरे.

तेल घालायचं नाही. तीन-चार वर्षांपूर्वी मीच या पलंगाच्या सांध्यांत शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, त्याचे काळे डाग अजून आहेत. आवाज आठवडाभर थांबला होता. पण तेल लाकडात मुरून जातं, धूळ धरतं, आणि सांधा हलायचा तसाच हलत राहतो. लाकडाला मेण, आणि लोखंडावर लोखंड घासत असेल तिथेच ग्रीस.

४ आणि ९ नंबरच्या पट्ट्या किंचित पिळवटलेल्या निघाल्या, चारऐवजी तीनच कोपऱ्यांवर टेकत होत्या. त्यांच्या अधांतरी टोकाखाली जाड नमद्याचा तुकडा चिकटवला. नमदा नसता तर जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडाही चालला असता. फोम मात्र चालत नाही, महिन्याभरात चपटा होऊन जातो.

सगळं परत मांडून भावाला बसवलं. 'कर्रर्र' निम्म्याने कमी. 'टक्' तसाच.

१८ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा.

सकाळी प्रत्येक कोपऱ्यावर पायापासून बाजूपट्टीवर जाणारी एक आडवी बारीक पेन्सिलरेघ काढली. सांध्याच्या फटीवरून जाणारी एकच अखंड रेघ. मग भावाने पलंगावर बसून चांगलं हलून घेतलं आणि मी मोबाइलच्या उजेडात रेघा बघितल्या. पायथ्याच्या दोन्ही रेघा अखंड राहिल्या. उशाकडच्या दोन्ही रेघा भार असताना तुटत होत्या: बाजूपट्टीवरचा तुकडा पायावरच्या तुकड्यापेक्षा जवळजवळ अर्धा मिलिमीटर खाली जात होता.

मग सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा पलंगाभोवती लांबीच्या दिशेने गुंडाळून ओढला, म्हणजे उशाचे आणि पायथ्याचे पाय बाजूपट्ट्यांवर बाहेरून दाबले गेले. पायांवर वळ उठू नयेत म्हणून मध्ये जुने टॉवेल घातले. पट्टा ताणल्यावर 'टक्' पूर्ण बंद. पट्टा सैल केला, 'टक्' परत. तीनदा करून पाहिलं. म्हणजे सांध्यावर पुरेसा दाब नाही, एवढं नक्की झालं.

पण बोल्ट तर घट्ट होते! ५ मिलिमीटरची ॲलन की लावली, उशाकडचे चारही बोल्ट जागचे हलेनात. इथे बहुतेक जण थांबतात. बोल्ट घट्ट आहे म्हणजे सांधा घट्ट आहे असं धरून चालतात आणि दोष दुसरीकडे शोधत बसतात. मीही गेल्या दोन-तीन वर्षांत तेच केलं होतं.

तेवढ्यात एक गोष्ट दिसली. बोल्टच्या डोक्याखालचा वॉशर वर्षानुवर्षांच्या दाबाने लाकडात रुतून पायाच्या पृष्ठभागाशी सपाट झाला होता. मी सहज त्याच्या कडेवर नख ठेवून ढकललं आणि तो फिरला. बोल्ट की लावूनही हलत नाही आणि त्याच्याच डोक्याखालचा वॉशर नखाने गोल फिरतोय! डोकं वॉशरला दाबतच नव्हतं. मग सांध्याच्या फटीत वहीचा कागद सरकवून पाहिला. तो पायाच्या पूर्ण रुंदीभर आत गेला, मध्ये फक्त बोल्टला अडला.

डोकं दाबत नसेल आणि तरीही बोल्ट फिरत नसेल, तर त्याला दुसरीकडे कुठेतरी अडथळा आहे. तो बाजूपट्टीच्या आत, भोकाच्या तळाशीच असू शकतो. बोल्टचं टोक तळाला टेकलंय. त्यानंतर कितीही पिळलं तरी सगळा जोर बोल्टचं टोक आणि आडवा नट यांच्यातच जिरतो. पाय आणि पट्टी यांना जवळ ओढणारं काहीच उरत नाही.

"म्हणजे आपण इतके दिवस नुसता भोकाचा तळ दाबत होतो?" भावाने विचारलं. हो, अगदी तेच.

१९ जानेवारी, रविवार

उशाकडचे चारही बोल्ट काढले. काढण्याआधी बाजूपट्टीखाली पुस्तकांचा गठ्ठा लावला, नाहीतर शेवटचा बोल्ट निघताना पट्टीचा सगळा भार त्याच्या आट्यांवर येतो. प्रत्येक बोल्टला कुठल्या भोकातला ते लिहून चिठ्ठी बांधली.

मग मापं घेतली, आणि कोडं सुटलं. उजवीकडच्या वरच्या बोल्टचा हिशेब असा. बोल्ट एम ८, डोक्याखालची लांबी १०० मि.मी. पाय मुळात ४२ मि.मी. जाड, हे माप पायथ्याकडच्या न दबलेल्या भागावरून घेतलं. वॉशर १.६ मि.मी. जाड. म्हणजे पलंग नवा असताना बोल्टचं टोक पट्टीत ५६.४ मि.मी. शिरत होतं. पट्टीतलं भोक काडी घालून मोजलं, ५८ मि.मी. खोल भरलं. म्हणजे पहिल्या दिवशीच फक्त १.६ मि.मी. जागा शिल्लक होती.

त्यानंतर वॉशर आपल्या पूर्ण जाडीइतका लाकडात रुतला, १.६ मि.मी. गेले. उशाकडचा पाय या जागी आता ४१.६ मि.मी. भरतो, लाकूड वाळून आडव्या दिशेने थोडं आकसलंय. आणखी ०.४ मि.मी. गेले. बेरीज २ मि.मी. आणि शिल्लक होती १.६. उरलेल्या ०.४ मि.मी.ची फट सांध्यात उघडी पडली. तिच्यामुळेच रेघेचा तुकडा खाली जात होता आणि तिच्यातूनच कागद आत जात होता.

यात चूक कुणाची म्हणावी? दर वेळी पलंग कुरकुरला की आम्ही बोल्ट आणखी थोडा आवळायचो. तेवढ्याने महिना-दोन महिने बरं वाटायचं, कारण वॉशर लाकडात आणखी रुतून सांधा दाबला जायचा. प्रत्येक आवळण्याने बोल्टचं टोक भोकाच्या तळाच्या जवळ जात राहिलं. पायथ्याचे बोल्ट कमी वेळा आवळले गेले, म्हणून ते वाचले. माणूस उशाकडे टेकून बसतो, त्या सांध्यांवर जास्त ताण येतो, आणि आवळणंही तिथेच होतं.

इलाज दोन भागांत केला. पहिला भाग वॉशरचा. जुना वॉशर बाहेरून १६ मि.मी. व्यासाचा होता. त्याच्या जागी २४ मि.मी. व्यासाचा, २ मि.मी. जाड मोठा वॉशर घेतला. लाकडाला टेकणारं क्षेत्रफळ त्याने सुमारे पावणेतीन पट होतं, म्हणजे तेवढाच दाब जास्त जागेवर पसरतो आणि रुतणं पुष्कळ कमी होतं. जुना वॉशर काढून टाकला नाही. तो खड्ड्यात बसून पृष्ठभागाशी सपाट झालाच होता, त्यामुळे त्याच्यावर मोठा वॉशर ठेवला. खड्डा रिकामा ठेवला असता तर मोठा वॉशर मध्ये बशीसारखा दबला असता. स्प्रिंग वॉशर मुद्दाम घेतला नाही. लाकडात आवळताना तो पूर्ण चपटा होऊन जातो आणि त्याची फाकलेली कडा लाकूड कुरतडते. लाकूड आकसून गेलेला दाब तो भरून काढू शकत नाही.

एक मर्यादा इथेच लिहिते. या पलंगात बोल्टचं डोकं पायाच्या बाहेर उघड्यावर आहे, म्हणून मोठा वॉशर बसला. काही पलंगांत डोकं बसायला पायात गोल खोबण कोरलेली असते. तिथे खोबणीच्या मापाएवढाच वॉशर जाईल, आणि मग पुढचा दुसरा भागच कामाला येईल.

दुसरा भाग बोल्ट आखूड करण्याचा. मोठ्या वॉशरने टोक पुन्हा ५६.४ मि.मी.वर आलं, म्हणजे शिल्लक पुन्हा १.६ मि.मी. काही वर्षांनी तेच रडगाणं नको. आडव्या नटाचा मध्य पट्टीच्या टोकापासून ४५ मि.मी.वर आहे आणि नट १२ मि.मी. जाड आहे, म्हणजे तो ५१ मि.मी.वर संपतो. बोल्टचं टोक त्याच्यापलीकडे थोडं निघालं की आटे पूर्ण पकडतात. म्हणून प्रत्येक बोल्ट ४ मि.मी. कापला. आता टोक ५२.४ वर थांबतं: नटाच्या पुढे जेमतेम दीड मिलिमीटर, आणि तळापर्यंत साडेपाचाहून जास्त जागा.

कापण्याआधी बोल्टवर एक साधा नट चढवून घेतला, मग लोखंडी करवतीने टोक कापलं, कानशीने कडा तिरकी घासली, आणि शेवटी नट टोकाकडून उलटा फिरवत काढला. नट बाहेर येताना कापलेल्या जागेचे मोडके आटे सरळ करतो. हे केलं नाही तर कापलेला बोल्ट आडव्या नटात तिरका शिरतो आणि आतले आटे मारतो. आडव्या नटाचे आटे गेले तर तो बदलावाच लागतो.

पायाची आणि पट्टीची एकमेकांना टेकणारी तोंडं कोरड्या फडक्याने पुसली. जुन्या तेलात माखलेली धूळ मेणासारखी घट्ट झाली होती, ती पट्टीने खरवडली. घासायला सँडपेपर वापरला नाही, तोंडं सपाट आहेत ती सपाटच राहू देत. या तोंडांना मेणही लावलं नाही. आडव्या पट्ट्यांखाली घसरणं हवं असतं, इथे दोन्ही तोंडांनी एकमेकांना धरून ठेवायला हवं.

बसवताना आडवा नट योग्य दिशेने फिरवून ठेवावा लागतो. त्याच्या एका तोंडावर पेचकसाची खाच असते. या पलंगात ती खाच आट्यांच्या दिशेने आहे, म्हणून ती बाजूपट्टीच्या लांबीच्या दिशेत ठेवली की बोल्ट बरोबर आटा पकडतो. बोल्ट आधी बोटांनी फिरवायचा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेले तरच की लावायची. डावीकडचा खालचा बोल्ट दुसऱ्या फेऱ्यातच अडला. काढला, नटाची खाच किंचित फिरवली, पुन्हा घातला, मग गेला.

आठही बोल्ट आधी हलके आवळले. मग उशाच्या डाव्या पायापासून पायथ्याच्या उजव्या पायापर्यंत, आणि उलट बाजूनेही, दोरी लावून तिरकी लांबी मोजली. दोन्हींत ७ मि.मी. फरक निघाला. पायथ्याचा एक कोपरा हाताने ढकलून तो २ मि.मी.वर आणला आणि मगच शेवटचं आवळलं. पलंग तिरका असताना आवळला तर एका कोपऱ्यात पट्टीची एकच कड पायाला टेकते आणि तिथेच लाकूड दबतं.

किती आवळायचं? वॉशर नखाने फिरेनासा झाला की त्यापुढे साधारण पाव फेरा. लाकडातून बारीक चिरकण्याचा आवाज आला की लगेच थांबायचं, तिथून पुढे फक्त रुतणं आहे. वरचा आणि खालचा बोल्ट आळीपाळीने घेतला. एकच आधी पूर्ण आवळला तर सांधा त्या बाजूला तोंड वळवतो.

भाऊ बसला, उठला, हलला. 'टक्' गेला. कागद फटीत शिरला नाही.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी आईला विचारलं. "तो मोठा आवाज नाही आला," ती म्हणाली, "पण भिंतीकडे कूस केली की काहीतरी चुरचुरतं." तिने रात्री उठून तिसऱ्या-चौथ्या पट्टीपाशी कान लावून पाहिलं होतं. तिच्या कानावर माझा विश्वास आहे.

२५ जानेवारी, शनिवार

आईने दाखवलेल्या जागी आधारपट्टी अंगठ्याने दाबून पाहिली. ती बाजूपट्टीपासून किंचित सुटत होती. मोठे आवाज असताना हा आवाज त्यांच्याखाली झाकला गेला असणार.

आधारपट्टीला ७ स्क्रू आहेत. त्यातले २ पेचकस लावल्यावर नुसते गरगर फिरले. भोकातले लाकडाचे आटे गेले होते. मोठा स्क्रू ठोकायचा मोह होतो, पण आधारपट्टी अरुंद असते आणि जाड स्क्रूने ती लांबीत चिरते. मी जुने दोन्ही स्क्रू काढले आणि बांबूच्या बारीक काड्या लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात घट्ट बसतील इतक्या ठोकल्या. एका भोकात तीन गेल्या, दुसऱ्यात चार. वर आलेली टोकं सपाट कापली. आधारपट्टी आणि बाजूपट्टी यांच्या मध्येही गोंदाची रेघ सोडली आणि शिकंज्याने दाबून एक दिवस तशीच ठेवली. आईची झोपायची व्यवस्था माझ्या खोलीत केली.

दुसऱ्या दिवशी बुजवलेल्या जागी २.५ मि.मी.चं भोक पाडलं आणि जुनेच ४ मि.मी.चे स्क्रू हाताने बसवले. मशीनने स्क्रू बसवला की शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात नवे आटे परत मारले जातात. चुरचुर थांबली.

खाली वाकलेच होते म्हणून पट्ट्यांखालच्या मधल्या दांड्याचा आधारपायही पाहिला. तो जमिनीपासून ३ मि.मी. वर लटकत होता, नुसता शोभेचा. त्याच्याखाली टणक प्लास्टिकची चकती सरकवली. रबर नको, ते दबतं आणि पुन्हा तेवढीच फट पडते. उचलून धरेल इतकी जाड चकतीही नको. कागद जेमतेम सरकेल इतकीच फट ठेवली, म्हणजे भार आल्यावर मधला दांडा लगेच टेकतो पण एरवी वर ढकलला जात नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

बोल्ट बसवून तीन आठवडे झाले, ठरल्याप्रमाणे ते तपासले. नवा वॉशर सुरुवातीला थोडा बसतोच, म्हणून ही तपासणी महत्त्वाची. आठांपैकी तीन बोल्टांना पाव फेऱ्याहून कमी वाव मिळाला, बाकी पाच जागचे हलले नाहीत. या वेळी "हलत नाही म्हणजे घट्ट" असं धरलं नाही. आठही वॉशर नखाने ढकलून पाहिले. एकही फिरला नाही.

डावीकडच्या खालच्या बोल्टवर मात्र शंका आहे. तो अडला होता तोच. त्याच्या आडव्या नटाचं भोक किंचित लांबट झालंय, टॉर्च मारल्यावर नटाच्या पायाकडच्या बाजूला लाकूड दबलेलं दिसतं. बोल्ट जोराने ओढतो तेव्हा नट त्या दिशेने रुततो. आत्ता सांधा पकडून आहे म्हणून काही करत नाही. पुढे सैल पडला तर नट काढून दबलेल्या जागी इपॉक्सी भरायची, नटाला मेण चोळून परत घालायचा आणि इपॉक्सी वाळल्यावरच बोल्ट आवळायचा. मेण नसेल तर नट कायमचा चिकटून बसेल.

१३ एप्रिल, रविवार

तिसरी तपासणी. पेन्सिलच्या चारही रेघा अखंड. शंका असलेला बोल्ट एकही अंश फिरला नाही. ९ नंबरची पट्टी पुन्हा किंचित वाजत होती, तिचा नमदा सरकला होता. या वेळी तो चिकटवून वर दोन बारीक टाचण्या मारल्या आणि मेण पुन्हा घासलं.

आई दुपारी पडली होती. मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. तिने दोनदा कूस बदलली, हे मला फक्त चादरीच्या सळसळीवरून कळलं.

उजव्या बाजूपट्टीच्या आतल्या अंगावर, गादीखाली दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलने लिहून ठेवलं: "उशाकडचे ४ बोल्ट ९६ मि.मी., पायथ्याचे ४ बोल्ट १०० मि.मी., की ५. आवळण्याआधी वॉशर नखाने फिरवून पाहा. फिरला तर पिळू नका, बोल्ट काढून भोक मोजा."